एलियटशी वाद घालताना: समीक्षकाचं म्हणणं कुठे मानायचं, कुठे आवरायचं आणि कुठे अडवायचं

एम.ए.च्या असाइनमेंट्स तपासताना एक वाक्य मला दर वर्षी भेटतं. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण ऐवज तोच: ‘टी. एस. एलियट यांच्या मते हॅम्लेट हे अयशस्वी नाटक आहे. परंतु हे मत योग्य वाटत नाही, कारण हॅम्लेट हे जगातील एक श्रेष्ठ नाटक मानले जाते.’ पुढच्या ओळीला विद्यार्थी दुसऱ्या मुद्द्याकडे वळलेला असतो.

याचं जुळं भावंडही असतं. ‘एलियट यांनी म्हटल्याप्रमाणे हॅम्लेटची भावना घटनांपेक्षा मोठी आहे.’ पूर्णविराम. इथे एलियट म्हणजे देवाचा कौल. उजवं फूल पडलं, विषय संपला.

पहिल्या वाक्यात विरोध आहे, दुसऱ्यात होकार. मला दोन्ही सारखीच वाटतात, कारण दोन्हींत एलियटचा फक्त निकाल आहे. तो त्या निकालापर्यंत कसा पोचला हे कुठेच नाही. निकालाला फार तर हो किंवा नाही म्हणता येतं. वाद घालायचा तर त्याने चढलेल्या पायऱ्या मोजाव्या लागतात, आणि कुठल्या पायरीपर्यंत आपण त्याच्याबरोबर आहोत ते ठरवावं लागतं. हे कसं करायचं ते याच उदाहरणावर नीट बघू. एलियटचा तो लेख छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. शिवाय त्याच्यात एक अशी जागा आहे जिथे घाईने वाद घालणारा हमखास पडतो.

लेखाचं नाव ‘हॅम्लेट अँड हिज प्रॉब्लेम्स’. १९१९ साली तो ‘अथेनियम’ या साप्ताहिकात जे. एम. रॉबर्टसन यांच्या पुस्तकाचं परीक्षण म्हणून आला, आणि पुढच्या वर्षी एलियटच्या ‘द सेक्रेड वुड’ या संग्रहात गेला. तेव्हा एलियट एकतिशीत होता. ही माहिती मी केवळ सनावळीसाठी देत नाही. परीक्षणात माणूस जरा ठासून बोलतो, आणि रॉबर्टसनचा बराचसा पाया एलियटने तयार घेतलेला आहे. आपण नेमकं कोणाशी बोलतोय हे कळण्यासाठी तेवढं माहीत असावं लागतं.

आता पायऱ्या. मी त्या माझ्या शब्दांत सांगतो. विद्यार्थ्यानेही पहिल्यांदा हेच करावं: लेख मिटून ठेवायचा आणि कोऱ्या कागदावर समीक्षकाचा युक्तिवाद स्वतःच्या भाषेत उतरवायचा. जिथे उतरवता येत नाही तिथे आपल्याला तो कळलेला नसतो.

एलियट सुरुवात करतो ती आधीच्या समीक्षकांवर डाफरत. त्याचं म्हणणं, लोक नाटक सोडून हॅम्लेट या माणसाच्याच मागे लागले. गटेने त्याच्यात आपला वेर्थर पाहिला आणि कोलरिजने स्वतःलाच पाहिलं. मग तो रॉबर्टसनचा आधार घेऊन सांगतो की हे नाटक थरांचं आहे. खाली एक जुनं सूडनाट्य आहे, बहुधा थॉमस किडचं, जे आज हरवलेलं आहे. त्यावर शेक्सपिअरने आपला विषय चढवू पाहिला. तो विषय म्हणजे आईच्या अपराधाचा मुलावर झालेला परिणाम. जुनं सामान हटवादी निघालं आणि नवा विषय त्यावर नीट बसला नाही. त्यानंतर येतो तो प्रसिद्ध सिद्धांत, ‘ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह’. शब्द भारी आहे, गोष्ट सोपी आहे. कलेत भावना व्यक्त करायची तर तिला काहीतरी वस्तुरूप हवं: काही वस्तू, एखादी परिस्थिती किंवा घटनांची साखळी. ती समोर आली की भावना आपोआप जागी व्हावी. एलियट लेडी मॅकबेथचं उदाहरण देतो. ती झोपेत चालते तेव्हा तिच्या मनात काय चाललंय हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण तिथवरच्या सगळ्या गोष्टींनी ते आपल्यात साठवलेलं असतं. हॅम्लेटमध्ये हे घडत नाही, असं एलियटचं म्हणणं. आईबद्दलच्या किळसेने हॅम्लेट भरलेला आहे, पण ती किळस आईला व्यापून वर उरते. समोर दिसणाऱ्या गोष्टींपेक्षा भावना जास्त आहे. आणि शेवटची पायरी: आपल्या भावनेला जोडीचं काही सापडत नाही म्हणून हॅम्लेट गोंधळतो, तो गोंधळ खुद्द शेक्सपिअरच्या गोंधळाचंच पुढचं टोक आहे. म्हणून नाटक कलाकृती म्हणून फसलं.

हे एवढं लिहिलं की लगेच दिसतं, ‘एलियटच्या मते नाटक अयशस्वी’ या वाक्यात निदान पाच वेगवेगळी विधानं दाबून भरलेली होती. पाचांना एकच उत्तर देता येत नाही.

त्यातलं थरांचं विधान मी या निबंधापुरतं बाजूला ठेवेन, आणि ठेवतोय हे एका वाक्यात सांगेन. किडचं नाटक उपलब्ध नाही. एलियट त्याच्याबद्दल अंदाज करतो तो किडच्याच ‘स्पॅनिश ट्रॅजेडी’वरून, बेलफोरेच्या फ्रेंच कथेवरून आणि एका जर्मन रूपांतरावरून. त्यात शिरायचं तर तो वेगळाच अभ्यास आहे. पंधराशे शब्दांच्या निबंधात समीक्षकाच्या प्रत्येक मुद्द्याशी झुंजायला गेलं तर एकाशीही धड होत नाही. गुपचूप वगळलेला मुद्दा मात्र वाचकाला खटकतो. सांगून वगळलेला चालतो.

आधी सहमती. लोकांना वाटतं ती सोपी असते, कारण समीक्षकाचं वाक्य उतरवून ‘हे योग्यच आहे’ म्हटलं की झालं. पण ते नुसतं मान डोलावणं झालं. सहमतीला वजन येतं ते समीक्षकाने न वापरलेला पुरावा आपण आणून ठेवतो तेव्हा. भावना घटनांच्या पुढे धावते, हे एलियट सांगतो, पण नाटकातल्या ओळी घेऊन दाखवत बसत नाही. ते काम आपल्यासाठी मोकळं आहे.

मी विद्यार्थ्यांना एक साधी गोष्ट करायला सांगतो. हॅम्लेटचे वडील जाऊन किती दिवस झाले, हे तो स्वतः कुठे कुठे सांगतो ते मोजा. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, पहिल्याच स्वगतात, तो म्हणतो दोन महिने. त्याच ओळीत लगेच दुरुस्ती: नाही, तेवढेही नाहीत, दोनसुद्धा नाहीत. चार-सहा ओळींत ते ‘एका महिन्याच्या आत’ होतं, मग ‘इवलासा महिना’. तिसऱ्या अंकात, नाटकातलं नाटक सुरू व्हायच्या आधी, तो ओफिलियाला म्हणतो, बघ माझी आई कशी आनंदात दिसतेय, आणि वडील जाऊन दोन तासही झाले नाहीत! प्रत्यक्षात दिवस पुढे जातायत, आणि हॅम्लेटच्या तोंडी तो काळ आक्रसत चाललाय. दोन महिन्यांचे दोन तास. भावनेने वस्तुस्थितीला कसं खाल्लं हे याहून स्वच्छ कुठे दिसणार? आणि पहिल्या स्वगताच्या वेळी त्याला अजून भूत भेटलेलं नाही. वडिलांचा खून झालाय हे त्याला ठाऊकच नाही. म्हणजे जग म्हणजे तण माजलेली बाग वाटावी, जगणंच नकोसं व्हावं, इतकी किळस निव्वळ आईच्या लग्नावरून आलेली आहे. इथपर्यंत एलियटचं बरोबर आहे, आणि हा पुरावा आपला आहे.

खरी गंमत पुढे. ‘दोन तास’ म्हटल्यावर ओफिलिया काय म्हणते? ती म्हणते, छे, महाराज, दोनदा दोन महिने झाले. चार महिने. नाटकातलंच एक पात्र शांतपणे हिशेब दुरुस्त करून देतं.

म्हणजे हा अतिरेक नाटकाला माहीत आहे. शेक्सपिअरने तो करायला लावलाय आणि शेजारी खरा आकडाही ठेवलाय. लेखकाच्या हातून भावना निसटली असती तर त्याने ओफिलियाच्या तोंडी हे उत्तर कशाला घातलं असतं? नुकताच जो पुरावा आपण एलियटच्या बाजूने मांडला, तोच आता त्याला थोडा मागे खेचतो. यालाच मी ‘आवरणं’ म्हणतो. समीक्षकाचं निरीक्षण खरं, पण तो त्याच्यावरून जितकं लांब जातो तितकं त्या निरीक्षणाच्या बळावर जाता येत नाही.

आवरताना नेमकं कुठे आवरलं हे सांगता आलं पाहिजे. ‘एलियटचं मत काही अंशी बरोबर आहे’ हे आवरणं नव्हे. किती अंशी, आणि कुठले अंश? आमच्याकडे सासरच्या मंडळींना दुखवायचं नसलं की असं बोलतात. इथे सांधा स्पष्ट आहे. हॅम्लेटची भावना घटनांपेक्षा मोठी आहे, हे एक विधान. ती तशी आहे कारण शेक्सपिअरलाही तिचं काय करायचं ते कळलं नव्हतं, हे दुसरं. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी पात्र आणि लेखक एकच धरावे लागतात. एलियट ते धरतो आणि तसं उघड म्हणतोही. पण त्यासाठी नाटकातली एकही ओळ पुढे ठेवत नाही. ओफिलियाच्या ओळीवरून उलटंच सुचतं: पात्राचा तोल गेलाय, आणि लेखकाचा हिशेब पक्का आहे.

आणखी एक गोष्ट. हाच एलियट लेखाच्या सुरुवातीला गटे आणि कोलरिजला ओरडला होता, की तुम्ही हॅम्लेटमध्ये स्वतःला बघता आणि नाटक विसरता. शेवटी तो स्वतः हॅम्लेटमध्ये शेक्सपिअरला बघतो. समीक्षकाला त्याच्याच मोजपट्टीने मोजणं हा वादातला सगळ्यात चोख मार्ग, कारण ती मोजपट्टी चुकीची आहे असं तो म्हणू शकत नाही. पण हे सापडल्यावर विद्यार्थ्यांना फार चेव येतो. मग ‘एलियट दुटप्पी आहे’ वगैरे वाक्यं येतात. तशी गरज नसते. दोन वाक्यं शेजारी ठेवली की वाचकाला दिसतं.

आता अडवणं. इथेच ती खड्ड्याची जागा आहे.

बहुतेकांना पहिली कल्पना येते ती अशी: एलियट म्हणतो आईचा अपराध हॅम्लेटच्या किळसेच्या मानाने लहान आहे, तर आपण दाखवू की तो लहान नव्हता. त्यासाठी इतिहास हाताशी आहे, आणि तो चांगला भक्कम आहे. भावाच्या विधवेशी लग्न हे त्या काळच्या इंग्लंडात अगम्यगमन धरलं जाई. १५६३ साली आर्चबिशप पार्करने निषिद्ध नात्यांचा जो तक्ता काढला त्यात भावाची बायको आहे. त्याच्याही आधी, १५३३ साली, आठव्या हेन्रीचं कॅथरीनशी झालेलं लग्न याच मुद्द्यावर रद्दबातल ठरवलं गेलं होतं: ती त्याच्या थोरल्या भावाची, आर्थरची, विधवा होती. एलिझाबेथ राणीचा जन्म औरस की अनौरस हे त्या निकालावर टांगलेलं होतं. १६०० च्या सुमाराला लंडनच्या नाटकघरात उभ्या असलेल्या माणसाला ‘दिराशी लग्न’ म्हणजे काय हे समजावावं लागत नव्हतं. खुद्द हॅम्लेट आणि भूत दोघंही त्यासाठी तोच जळजळीत शब्द वापरतात. आपल्याकडे या नात्याचे संकेत एकसारखे नाहीत. काही समाजांत वहिनी आईच्या जागी, तर काहींत नवऱ्यामागे दिराशी पाट लावण्याची रीत. त्यामुळे मराठी वाचकांचीही यावरची पहिली प्रतिक्रिया एक नसते, आणि वर्गात याची मजेदार चर्चा होते. आगरकरांनी ‘विकारविलसित’ नावाने हॅम्लेट मराठीत आणलं ते १८८३ मध्ये, पुनर्विवाहाचा वाद पेटलेला असताना. तेव्हाच्या प्रेक्षकाला चंद्रसेनाचा, म्हणजे मराठीतल्या हॅम्लेटचा, संताप आपल्यापेक्षा वेगळा ऐकू आला असणार.

पण निबंधाकडे परत येऊ. हा इतिहास घेऊन विद्यार्थी मोठ्या ऐटीत लिहितो, ‘अपराध मोठा होता, म्हणून भावना रास्त होती, म्हणून एलियट चुकीचा.’ आणि एलियटने याचं उत्तर आधीच देऊन ठेवलंय! तो म्हणतो, गरट्रूडचा, म्हणजे हॅम्लेटच्या आईचा, अपराध वाढवला असता तर हॅम्लेटमध्ये वेगळीच भावना जागी झाली असती. ती इतकी फिकी, इतकी नगण्य आहे म्हणूनच ती मुलात अशी भावना जागवते जी तिच्यात मावत नाही. म्हणजे ‘अपराध मोठा होता’ हा पुरावा त्याला लागतच नाही. लेख अर्धवट वाचला, किंवा गाइडमधला त्याचा सारांश वाचला, की हे वाक्य निसटतं आणि आपण उघड्या दारावर धडका मारत बसतो. म्हणून माझा एक नियम आहे. हरकत लिहून झाली की मूळ लेख पुन्हा पहिल्यापासून वाचायचा, तेही फक्त एकाच प्रश्नासाठी: माझ्या हरकतीचं उत्तर यात कुठे दिलेलं आहे का? दहातल्या चार वेळा असतं.

असलं म्हणून हरकत सोडून द्यायची असं नाही. ती हलवायची. मला स्वतःला इथे वाट सापडते ती एलियटच्या व्याख्येत. त्याने काय म्हटलं होतं? भावनेचं वस्तुरूप म्हणजे वस्तू, किंवा परिस्थिती, किंवा घटनांची साखळी. आणि हॅम्लेटची तपासणी करताना तो काय शोधतो? एक व्यक्ती. गरट्रूड पुरी पडते का, एवढंच. व्याख्या रुंद होती, तपासणी अरुंद झाली.

मग त्याच्याच व्याख्येने पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश पाहू. दरबार भरलाय. नवा राजा, म्हणजे हॅम्लेटचा काका, भाषण करतो आणि त्यात स्वतःच म्हणतो की आम्ही अंत्यविधीत आनंद आणि लग्नात शोकगीत मिसळलं. सगळे सणासुदीच्या कपड्यांत, आणि एकटा हॅम्लेट काळ्या झग्यात. आई विचारते, मरण तर सगळ्यांनाच आहे, तुलाच एवढं काय विशेष वाटतं? काका म्हणतो, हा शोक पुरुषाला शोभत नाही. विटेनबर्गला परत जायचं म्हणतो तर जाऊ देत नाहीत. तो राहतो म्हटल्यावर राजा जाहीर करतो की या आनंदात मी जितके पेले रिचवीन तितक्या तोफा उडतील. थोड्या वेळाने हॅम्लेट होरेशिओला सांगतो, काटकसर रे, काटकसर! श्राद्धाच्या जेवणातलं उरलेलं थंड अन्नच लग्नाच्या पंगतीला वाढलं. (ही सगळी भाषांतरं माझी, कामचलाऊ.)

सुतक फिटतंय न फिटतंय तोच मांडव, आणि तोही त्याच घरात. काळा झगा, तोफा, शिळं अन्न: या वस्तू आहेत. सगळ्यांनी मिळून एकाला ‘आता पुरे’ म्हणणं, ही परिस्थिती आहे. किळस यायला गरट्रूडने फार काही करायला लागत नाही, तिने या पंगतीत हसून बसणं पुरतं. एलियटला जिचं फिकेपण अडचणीचं वाटलं, ती इथे त्या मोठ्या चित्राचा एक तुकडा आहे, आणि तिच्या फिकेपणानेच चित्र अंगावर येतं. वर ज्याला निरुपयोगी म्हटलं तो १५६३ चा तक्ता आता कामाला येतो: गरट्रूडचा अपराध वजनदार करण्यासाठी नव्हे, तर त्या पंगतीला बसलेल्या प्रत्येकाने काय नजरेआड केलंय हे दाखवण्यासाठी.

मात्र माझी हरकत कुठपर्यंत पोचते हेही मला लिहायला हवं. ती पहिल्या अंकापुरती पक्की आहे. तिसऱ्या अंकात हॅम्लेट ओफिलियावर जे तोंडसुख घेतो, जगातल्या सगळ्या बायकांवर जे घसरतो, त्याला पहिल्या अंकातली पंगत पुरते का? मला तितकी खात्री नाही. तिथे एलियटची शंका शिल्लक राहते. आणि मुख्य म्हणजे, एवढ्याने नाटक यशस्वी ठरत नाही. ते फसलं असं म्हणण्यासाठी एलियटने जे कारण दिलं ते निदान एका प्रवेशात टिकत नाही, इतकंच सिद्ध होतं. एवढं लहान विधान करायला लाज वाटू नये. परीक्षक म्हणून सांगतो, ते वाचून बरं वाटतं.

आता एक अडचण, जी प्रत्येक प्रामाणिक विद्यार्थ्याला येतेच. माझ्या एका विद्यार्थिनीने गरट्रूडबद्दल छान मुद्दा काढला होता. दुसऱ्या अंकात राजा आणि पोलोनियस हॅम्लेटच्या वेडाची कारणं शोधत असतात, तेव्हा गरट्रूड एकाच वाक्यात म्हणते की दुसरं काय असणार, बापाचा मृत्यू आणि आमचं घाईचं लग्न. कारण तिला बरोबर कळलेलं आहे, आणि स्वतःची घाईही ती कबूल करते. मग ती नगण्य कशी? मुद्दा तिचा तिने शोधला होता. आठवड्याने ती पडक्या चेहऱ्याने आली: हे कोणीतरी १९५७ सालीच लिहिलंय.

लिहिलंय खरं. कॅरोलिन हाइलब्रन यांनी हॅम्लेटच्या आईवरच्या लेखात नेमकं हेच वाक्य पुराव्याला घेऊन सांगितलं होतं की ही बाई उथळ किंवा मंद नाही, ती कमी बोलते पण नेमकं बोलते. पण म्हणून मुद्दा फेकून द्यायचा नसतो, आणि हाइलब्रन वाचल्याच नाहीत असं दाखवायचं तर मुळीच नसतं. त्यांचं नाव घेऊन त्यांच्या खांद्यावरून पुढे बघायचं. हाइलब्रन त्या वाक्यावरून गरट्रूडचा स्वभाव सिद्ध करतात. आपल्याला ते एलियटच्या विधानापुढे ठेवायचंय, आणि तिथे ते दुधारी ठरतं. गरट्रूड हुशार ठरली तर एलियटचं ‘नगण्य’ पडतं. पण त्याच वेळी ‘ती फिकी आहे म्हणून चित्र अंगावर येतं’ हा माझा वरचा मुद्दाही थोडा हलतो! विद्यार्थिनीने हे माझ्या तोंडावर सांगितलं. मी तिला म्हटलं, बाई गं, हेच लिही. तिने लिहिलं: गरट्रूडला कळतं, आणि कळूनही ती पंगतीला बसते. त्यामुळे हॅम्लेटची किळस कमी होत नाही, उलट तिला धार येते. दोन समीक्षकांच्या मधली फट तिला सापडली होती, आणि त्या फटीत तिचं स्वतःचं वाक्य होतं.

यापुढेही रस्ता आहे. जॅकलिन रोझ यांनी १९८६ मध्ये एलियटचाच एक शब्दप्रयोग उचलून आपल्या लेखाला मथळा दिला. एलियट हॅम्लेटला साहित्यातली मोनालिसा म्हणतो. रोझ विचारतात, नाटक फसल्याचं खापर फोडायला दर वेळी एक बाईच का लागते? हा एलियटच्या पायरीवर घेतलेला आक्षेप नाही, तो जिन्यालाच घेतलेला आक्षेप आहे. तसं लिहायचं असेल तर निबंधाचा विषयच बदलतो. शेवटच्या परिच्छेदात ‘रोझ यांच्या मतेही एलियट चुकीचे आहेत’ असं जोडून भागत नाही, कारण रोझ आणि मी वेगवेगळ्या गोष्टींना नाही म्हणतोय.

एक मोह आणखी. १९५६ च्या मिनेसोटातल्या व्याख्यानात एलियटने आपल्या काही जुन्या शब्दप्रयोगांना लाजिरवाणं वाटावं इतकं यश मिळाल्याचं म्हटलं. हे सापडलं की विद्यार्थी लिहितो, ‘पुढे एलियट यांनी स्वतःच हे मत सोडले.’ त्यांनी तसं म्हटलेलं नाही. आणि म्हटलं असतं तरी १९१९ चा युक्तिवाद १९१९ च्याच ओळींवर तपासावा लागला असता. लेखकाला आपल्या सिद्धांताचा कंटाळा आला म्हणून सिद्धांत खोटा पडत नाही.

आता हे निबंधात कसं दिसेल? साधारण असा एक परिच्छेद:

‘हॅम्लेटची भावना समोरच्या घटनांपेक्षा मोठी आहे, हे एलियटचे निरीक्षण नाटकातील कालगणनेने पक्के होते. वडिलांच्या मृत्यूला पहिल्या अंकात दोन महिने झाले आहेत, आणि तिसऱ्या अंकात हॅम्लेट ते दोन तास असल्याचे सांगतो. मात्र तिथेच ओफिलिया चार महिन्यांचा खरा आकडा सांगते. म्हणजे हा अतिरेक नाटक जाणते आणि मोजून दाखवते. एलियट त्याला शेक्सपिअरच्या गोंधळाची खूण मानतो, पण पात्राचा गोंधळ आणि लेखकाचा गोंधळ एकच आहे याला तो नाटकातून आधार देत नाही.’

पाच वाक्यं. पहिल्या दोनांत सहमती आहे, पुरावा आपला. ‘मात्र’पासून आवरणं सुरू होतं, आणि शेवटचं वाक्य सांधा दाखवतं. क्रियापदंही बघा. ‘एलियटचे निरीक्षण’ असं आहे तिथे मी ते मानलंय, ‘मानतो’ आहे तिथे मानलेलं नाही. ‘एलियटने दाखवून दिले आहे’ असं लिहून पुढच्या ओळीत ते खोडायला निघालेले निबंध मी शेकड्यांनी पाहिलेत. ‘दाखवून दिले’ म्हटलं की आपण सही करून बसलो. ‘एलियट म्हणतो’, ‘सुचवतो’, ‘गृहीत धरतो’ यांत फरक आहे. ‘गृहीत धरतो’ हे तर आरोपाचं क्रियापद आहे. ते वापरलं की गृहीतक कुठलं ते पुढच्या वाक्यात दाखवावंच लागतं.

एलियटला परिच्छेदात किती जागा द्यायची, असं मुलं विचारतात. आकडा नाही, पण खूण आहे. परिच्छेदातली एलियटची वाक्यं खोडून उरलेलं वाचा. नाटकाबद्दल काही शिल्लक राहत असेल तर ठीक. नसेल तर तुम्ही एलियटवर निबंध लिहिताय, हॅम्लेटवर नाही. याच्या उलट, एलियट खोडूनही काहीच फरक पडत नसेल, तर तो फक्त शोभेला आणलेला होता. त्याला घरी जाऊ द्या.

त्या विद्यार्थिनीच्या निबंधाचं पहिलं वाक्य आधी होतं: ‘हॅम्लेट हे नाटक फसलेले आहे हे एलियट यांचे मत मला मान्य नाही.’ शेवटच्या खर्ड्यात ते असं झालं: ‘एलियटने गरट्रूडमध्ये जे शोधले ते तिच्यात नाही, हे खरे, ते लग्नाच्या जेवणात आहे.’